पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर: ऑप-अँपवर मूल्ये काढण्यापासून चाचणीपर्यंत

हा इक्वलायझर पाच पट्ट्यांचा आहे: ६० हर्ट्‌झ, २३० हर्ट्‌झ, ९१० हर्ट्‌झ, ३.६ किलोहर्ट्‌झ आणि १४ किलोहर्ट्‌झ. अनेक अँड्रॉइड फोनमधल्या इक्वलायझरमध्ये हेच पाच आकडे दिसतात. शेजारच्या दोन आकड्यांमध्ये साधारण चौपटीचे अंतर आहे, म्हणजे दोन सप्तकांचे. त्यामुळे ऐकू येणारा जवळजवळ सगळा भाग पाच स्लाइडरमध्ये झाकला जातो. ६० चा स्लाइडर वर नेला की डग्ग्याचा घुमारा वाढतो, ३.६ किलोचा नेला की गायकाचे शब्द सुटे होतात, आणि १४ किलोला टाळ-झांजांची किणकिण पुढे येते.

बाजारातले तयार सर्किट उतरवून घेता येते, पण एखादा कपॅसिटर मिळाला नाही किंवा ९१० ऐवजी १२०० हर्ट्‌झचा पट्टा हवा असला की तिथेच अडायला होते. म्हणून आधी मूल्ये कशी निघतात ते पाहू आणि मग जोडणीकडे वळू. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही.

मधला ऑप-अँप

सगळा खेळ एकाच ऑप-अँपभोवती चालतो. सिग्नल Ra या रेझिस्टरमधून त्याच्या धन इनपुटला येतो. आउटपुटमधून Rb हा रेझिस्टर ऋण इनपुटला परत येतो. दोन्ही ३.३ किलोओहमचे घ्या. आता प्रत्येक स्लाइडरचे एक टोक धन इनपुटला आणि दुसरे टोक ऋण इनपुटला जोडायचे. पाचही स्लाइडर याच दोन बिंदूंमध्ये एकमेकांना समांतर येतात. स्लाइडरच्या सरकत्या टोकापासून, म्हणजे वायपरपासून, ग्राउंडकडे एक फांदी जाते. ही फांदी फक्त स्वतःच्या वारंवारतेला सहज वाट देते, इतरांना अडवते.

वायपर ऋण इनपुटच्या टोकाला नेला की फांदी फीडबॅकमधला भाग ग्राउंडला खेचते आणि त्या वारंवारतेचा आवाज वाढतो. वायपर धन इनपुटच्या टोकाला नेला की तीच फांदी येणारा सिग्नल ग्राउंडला खेचते आणि आवाज कमी होतो. वायपर मधोमध असला तर दोन्ही परिणाम एकमेकांना पुसतात आणि सिग्नल जसाच्या तसा बाहेर पडतो. Ra आणि Rb समान ठेवायचे ते यासाठीच. ते वेगळे असले तर मध्यावरही थोडी वाढ किंवा घट राहते.

फांदीचा स्वतःचा कमीत कमी रोध R1 आहे असे धरा. मग वाढीची कमाल मर्यादा अशी निघते:

```
gain(max) = 1 + Rb / R1
          = 1 + 3300 / 1000 = 4.3   (12.7 dB)
```

खाली नेल्यावर हाच आकडा भागाकारात येतो, म्हणजे सिग्नल ४.३ ने भागला जातो. घरच्या ऐकण्यासाठी बारा-साडेबारा डेसिबल भरपूर होतात. तेवढे नको असतील तर Ra आणि Rb दोन्ही १.५ किलोचे घ्या. मग कमाल वाढ २.५ पट, म्हणजे सुमारे ८ डेसिबल होते, आणि स्लाइडरवर ताबाही अधिक बारीक राहतो.

फांदी: तारेची कॉइल न वापरता इंडक्टर

एकाच वारंवारतेला वाट देणारी फांदी म्हणजे कपॅसिटर आणि इंडक्टर एकापाठोपाठ. अडचण इंडक्टरची आहे. आपल्या ६० हर्ट्‌झच्या पट्ट्याला ३.३ हेन्री लागतात. एवढी कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्याचा जड तुकडा, आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट तो हमखास उचलतो. म्हणून इंडक्टरची नक्कल एका ऑप-अँपने करतात. या जोडणीला जायरेटर म्हणतात.

जोडणी अशी. वायपरपासून C1 हा कपॅसिटर निघतो आणि एका बिंदूवर येतो. त्या बिंदूला नाव देऊ ‘क’. ‘क’पासून दोन वाटा फुटतात. पहिली वाट R1 मधून थेट ऑप-अँपच्या आउटपुटला जाते. दुसरी C2 मधून त्याच ऑप-अँपच्या धन इनपुटला जाते, आणि तिथून R2 ग्राउंडला जातो. ऋण इनपुट आउटपुटला थेट जोडलेले असते, म्हणजे ऑप-अँप नुसता बफर आहे.

हे इंडक्टरसारखे का वागते? वारंवारता कमी असताना C2 मधून काही फारसे जात नाही. आउटपुट शून्यावर बसते आणि ‘क’ बिंदूला फक्त R1 दिसतो, म्हणजे रोध कमी. वारंवारता वाढली की C2 सिग्नल पुढे देतो आणि आउटपुट ‘क’च्या मागोमाग हलू लागते. R1 च्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच व्होल्टेज आला की त्यातून प्रवाह वाहत नाही, म्हणजे रोध वाढला. वारंवारतेबरोबर रोध वाढणे हेच इंडक्टरचे लक्षण आहे.

सूत्रे

```
L  = R1 × R2 × C2

C2 = Q / (2π × f × R2)
C1 = 1 / (2π × f × R1 × Q)
```

इथे f म्हणजे पट्ट्याची मधली वारंवारता आणि Q म्हणजे पट्टा किती अरुंद आहे त्याचे माप. Q मोठा असेल तर पट्टा अरुंद, लहान असेल तर रुंद. फॅरड, ओहम आणि हर्ट्‌झ हीच एकके वापरा. मायक्रो आणि नॅनो शेवटी काढा, नाहीतर हजारपटीची चूक होते आणि ती कागदावर लवकर दिसत नाही.

R1 आधीच १ किलो ठरला आहे, कारण त्याच्यावर वाढीची मर्यादा बसते. R2 १०० किलो घेऊ. तो याहून फार मोठा घेतला तर त्याचा स्वतःचा खरखराट वाढतो. फार लहान घेतला तर C2 मोठा होत जातो आणि खालच्या पट्ट्यांचे कपॅसिटर बोर्डवर मावत नाहीत.

Q किती घ्यायचा हे मात्र विचार करून ठरवायला हवे. दोन सप्तकांचा पट्टा म्हटला की पाठ्यपुस्तकी उत्तर ०.६७ येते. तरी आपण १.२ घेणार आहोत. स्लाइडर टोकाला नसताना त्याचा स्वतःचा रोध फांदीत मिसळतो आणि Q खाली येतो. १० किलोचा स्लाइडर मध्यापासून वरच्या दिशेने अर्ध्या वाटेवर असेल तर फांदीत १.८८ किलो अधिक मिळतात. १ किलोचे २.८८ किलो झाले म्हणजे १.२ चा Q ०.४२ वर येतो. रोजच्या वापरात स्लाइडर बहुतेक वेळ याच मधल्या भागात असतात. टोकाला १.२ ठेवला तरच मधल्या भागात पट्टा काही वेगळा जाणवतो. याची किंमतही आहे: पाचही स्लाइडर पूर्ण वर नेले तर शिखरांवर साडेबारा डेसिबलच्या थोडे वर मिळतात आणि दोन शिखरांच्या मधल्या दरीत आठच्या आसपास. सगळे वर नेऊन आवाज वाढवायचे काम इक्वलायझरचे नाही, त्यामुळे हा सौदा परवडतो.

९१० हर्ट्‌झचा पट्टा, कागदावर

```
2π × 910 = 5718

C2 = 1.2 / (5718 × 100000)       = 2.1 nF
C1 = 1 / (5718 × 1000 × 1.2)     = 146 nF
```

दुकानात २.१ नॅनो मिळत नाही, २.२ मिळतो. १४६ ऐवजी १५० नॅनो, म्हणजे ०.१५ मायक्रोफॅरड मिळतो. मिळालेली मूल्ये सूत्रात परत घालून खरी वारंवारता तपासायची. ही पायरी कधीच गाळू नका, कारण दोन्ही कपॅसिटर एकाच बाजूला सरकले की फरक साचत जातो.

```
f = 1 / (2π × √(R1 × R2 × C1 × C2))
Q = √((R2 × C2) / (R1 × C1))

f = 876 Hz,  Q = 1.21
```

९१० ऐवजी ८७६, म्हणजे चार टक्क्यांपेक्षा कमी फरक. १.२ इतक्या रुंद पट्ट्यात कानाला तो कळत नाही. सूत्रात चारही मूल्ये वर्गमुळाखाली असल्यामुळे एका कपॅसिटरच्या दहा टक्के फरकाने वारंवारता सुमारे पाचच टक्के हलते.

पाचही पट्टे एकदम काढायचे असतील तर पायथनच्या एवढ्या ओळी पुरतात:

```python
from math import pi
R1, R2, Q = 1e3, 100e3, 1.2
for f in (60, 230, 910, 3600, 14000):
    w = 2 * pi * f
    print(f, "C1 =", 1/(w*R1*Q), "C2 =", Q/(w*R2))
```

जवळची प्रमाणित मूल्ये निवडून तपासल्यावर हा तक्ता तयार होतो. R1 सगळीकडे १ किलोच आहे.

| पट्टा | C1 | C2 | R2 | खरी वारंवारता | Q |
|---|---|---|---|---|---|
| ६० हर्ट्‌झ | २.२ मायक्रो | ३३ नॅनो | १०० किलो | ५९ हर्ट्‌झ | १.२२ |
| २३० हर्ट्‌झ | ०.४७ + ०.१ मायक्रो समांतर | ८.२ नॅनो | १०० किलो | २३३ हर्ट्‌झ | १.२० |
| ९१० हर्ट्‌झ | ०.१५ मायक्रो | २.२ नॅनो | १०० किलो | ८७६ हर्ट्‌झ | १.२१ |
| ३.६ किलोहर्ट्‌झ | ३३ नॅनो | ५६० पिको | १०० किलो | ३.७ किलोहर्ट्‌झ | १.३० |
| १४ किलोहर्ट्‌झ | १० नॅनो | २७० पिको | ४७ किलो | १४.१ किलोहर्ट्‌झ | १.१३ |

दोन ओळींबद्दल सांगायला हवे. २३० च्या पट्ट्याला C1 चे उत्तर ०.५७७ मायक्रो येते. ०.५६ चा नग मिळाला तर तो चालेल. नाहीतर ०.४७ आणि ०.१ समांतर लावून ०.५७ होतात, आणि हे दोन्ही नग कुठेही मिळतात.

१४ किलोच्या पट्ट्यात R2 मुद्दाम ४७ किलो केला आहे. १०० किलो ठेवला असता तर C2 १३६ पिकोचा निघाला असता. ऑप-अँपच्या इनपुटची आणि बोर्डवरच्या पट्ट्यांची मिळून सहज दहा पिको भर पडते. १३६ मध्ये दहा म्हणजे बराच मोठा वाटा. R2 अर्ध्याच्या खाली आणल्यावर C2 दुपटीच्या वर जातो आणि त्या अनाहूत दहा पिकोंचा प्रभाव अर्धा होतो. नवे पट्टे काढताना C2 २०० पिकोच्या खाली आला की R2 कमी करून पाहावा.

सामान निवडताना

एका चॅनलला सात ऑप-अँप लागतात: इनपुटला एक बफर, मधला एक, आणि पाच जायरेटर. टीएल०७४ मध्ये चार असतात, म्हणून दोन चिप पुरतात. आठवा उरलेला मोकळा सोडू नका. त्याचे आउटपुट त्याच्याच ऋण इनपुटला आणि धन इनपुट ग्राउंडला जोडा, नाहीतर तो आपल्या मनाने थरथरत राहतो आणि शेजाऱ्यांत आवाज घुसवतो.

टीएल०७४ च का? त्याच्या इनपुटला फेट असल्यामुळे १०० किलोच्या R2 मधून जवळजवळ काहीच प्रवाह ओढला जात नाही, आणि तो १४ किलोहर्ट्‌झला पुरेसा चपळ आहे. ७४१ उंच वारंवारतेच्या मोठ्या सिग्नलला पुरा पडत नाही. एलएम३२४ स्वस्त असतो, पण सिग्नल शून्य ओलांडताना त्याचे आउटपुट अडखळते आणि हळू आवाजात खरखर ऐकू येते.

स्लाइडर १० किलोचे लिनिअर घ्या, अंगावर B10K छापलेले असते. A ने सुरू होणारे लॉग प्रकारचे असतात. ते लावले तर मध्यावर सपाट मिळत नाही. आणि पेटीत पडलेले १०० किलोचे लावायचा मोह टाळा. मध्यापासून वर अर्ध्या वाटेवर १० किलोचा स्लाइडर ३.२ डेसिबल वाढ देतो, १०० किलोचा ०.७ सुद्धा देत नाही. मग शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये सगळी वाढ एकदम उसळते. ‘स्लाइडर चालतच नाही, टोकाला गेला की एकदम ओरडतो’ अशी तक्रार असेल तर आधी त्याच्यावरचा छाप वाचावा.

कपॅसिटर १ नॅनोच्या वर पॉलिस्टर फिल्मचे, चौकोनी डबीसारखे घ्या. २.२ मायक्रोचा फिल्म कपॅसिटर थोडा महाग आणि अंगाने मोठा असतो, तरी तिथे साधा इलेक्ट्रोलिटिक लावू नका. त्याला ठरलेली धन-ऋण बाजू हवी असते, इथे ती नाही. शिवाय तो गळका असला तर स्लाइडरमध्ये डीसी शिरतो आणि सरकवताना कर्रकर्र आवाज येतो. ५६० आणि २७० पिकोसाठी एनपीओ प्रकारचे सिरॅमिक उत्तम. स्वस्त सिरॅमिक चकत्यांची मूल्ये व्होल्टेज आणि तापमानाबरोबर हलतात.

छापलेले अंक नीट वाचा. `561` म्हणजे ५६ पुढे एक शून्य, ५६० पिको. `271` म्हणजे २७० पिको. पण नुसते `270` छापले असेल तर तो बहुतेक वेळा २७ पिकोचा असतो, कारण शेवटचा अंक शून्यांची संख्या सांगतो. `333` म्हणजे ३३ नॅनो, `225` म्हणजे २.२ मायक्रो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळे एका फेरीत मिळते. यादी देताना मूल्याबरोबर प्रकारही सांगा, नाहीतर काउंटरवरून हाताला येईल तो कपॅसिटर मिळतो.

जोडणी

पहिल्यांदा ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या वापरा. एकीचे ऋण आणि दुसरीचे धन एकत्र जोडले की तो बिंदू ग्राउंड, आणि उरलेली टोके अधिक नऊ व उणे नऊ. मेन्सशी संबंध येत नाही, गुणगुणाट नाही, आणि चूक झाली तर चिप वाचण्याची शक्यता जास्त. टीएल०७४ ला धन पुरवठा पाय ४ ला आणि ऋण पाय ११ ला. या दोन्ही पायांपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोचा एकेक कपॅसिटर चिपला खेटून लावा. हे कपॅसिटर ऐच्छिक समजून गाळले की सर्किट ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर थरथरते, चिप कोमट होते आणि आवाज मातकट वाटतो.

सुरुवात एकाच पट्ट्याने करा, तीही ९१० च्या. इनपुटला १ मायक्रोचा फिल्म कपॅसिटर, त्याच्यानंतर १०० किलो ग्राउंडला, आणि तिथून बफरचे धन इनपुट. बफरचे आउटपुट Ra मधून मधल्या ऑप-अँपला. हा बफर गाळता येत नाही. फोनचा किंवा प्लेअरचा स्वतःचा रोध Ra मध्ये मिसळला की Ra आणि Rb असमान होतात. मधल्या ऑप-अँपच्या Rb ला समांतर २२ पिको लावा, त्याने तो स्थिर राहतो. आउटपुटला १०० ओहम एकापाठोपाठ लावून मग बाहेर काढा, म्हणजे लांब केबलमुळे थरथर सुरू होत नाही.

स्लाइडरच्या तारा जपून न्या. मधल्या ऑप-अँपच्या ऋण इनपुटचा बिंदू सर्किटमधला सगळ्यात हळवा बिंदू आहे, आणि तोच पाच स्लाइडरपर्यंत फिरणार आहे. तार चार बोटांपेक्षा लांब ठेवू नका. शक्य असेल तर स्लाइडर त्याच बोर्डवर बसवा.

चाचणी

सिग्नल देण्याआधी मल्टिमीटर डीसीवर ठेवून जोडलेल्या प्रत्येक ऑप-अँपचे आउटपुट मोजा. सगळीकडे शून्य, फार तर दहा-वीस मिलिव्होल्ट दिसायला हवे. एखादे आउटपुट सात-आठ व्होल्टवर चिकटलेले असेल तर त्या ऑप-अँपचा फीडबॅक ऋणाऐवजी धन इनपुटला गेला आहे, किंवा त्याचा R2 सुटलेला आहे.

आता फोनवर टोन जनरेटरचे अॅप लावून सर्किटच्या इनपुटवर ०.२ व्होल्ट एसी येईल एवढा आवाज ठेवा. इथे २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर लागतो. फक्त २०० व्होल्टची एसी रेंज असलेल्या मीटरवर काही कळणार नाही. टोन ८७६ हर्ट्‌झला ठेवा. स्लाइडर पूर्ण वर असताना आउटपुट ०.८६ च्या आसपास, मध्यावर ०.२, पूर्ण खाली सुमारे ०.०५ व्होल्ट यायला हवे.

पट्ट्याचे नेमके शिखर शोधताना वारंवारता हळूहळू बदलून सर्वात मोठा आकडा पाहण्याचा प्रयत्न फसतो, कारण शिखर सपाट आहे. त्याऐवजी दोन्ही उतारांवर सारखे वाचन देणाऱ्या दोन वारंवारता शोधा, त्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. आपल्या पट्ट्यात ६०० हर्ट्‌झला साधारण ०.६४ व्होल्ट येतील आणि १२८० हर्ट्‌झला पुन्हा तेवढेच. ६०० गुणिले १२८० चे वर्गमूळ ८७६. उतारावर वाचन झपाट्याने बदलते, म्हणून ही पद्धत साध्या मीटरवरही नेमके उत्तर देते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. बरेच स्वस्त मल्टिमीटर एसी फक्त काहीशे हर्ट्‌झपर्यंतच नीट मोजतात. म्हणून आधी स्लाइडर मध्यावर ठेवून टोन १०० पासून वर न्या आणि मीटर कुठून पडू लागतो ते पाहा. त्या वरच्या पट्ट्यांसाठी त्याचे ऐकू नका. ऑसिलोस्कोप नसेल तर आउटपुट लॅपटॉपच्या लाइन-इनला देऊन स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहता येते.

एक पट्टा बरोबर चालला की उरलेले चार एकेक करून जोडा आणि प्रत्येक जोडल्यावर डीसी मोजा. पाचही एकदम जोडून मग दोष शोधायला बसलात तर संध्याकाळ जाते.

आवाजावरून दोष ओळखणे

जायरेटरमध्ये दोष कुठे आहे ते बऱ्याचदा कानानेच कळते. ९१० चा स्लाइडर वर नेल्यावर नुसता मधला भाग न वाढता त्याच्यावरचे सगळेच, थेट झांजांपर्यंत वाढले, तर C2 जोडला गेलेला नाही. ऑप-अँपचे आउटपुट शून्यावर बसून राहते आणि फांदीत फक्त C1 आणि R1 उरतात. याउलट त्या वारंवारतेखालचे सगळे वाढले आणि स्लाइडर हलवताना कर्रकर्र आवाज आला, तर C1 शॉर्ट आहे. मग इंडक्टर एकटाच उरतो आणि डीसीही वाढतो.

पट्टा भलत्याच ठिकाणी लागला आणि फारच अरुंद वाटला, तर कपॅसिटरच्या छापात दहापटीची चूक आहे. २.२ ऐवजी २२ नॅनोचा C2 लागला तर वारंवारता ३.१६ पटीने खाली येते, म्हणजे ८७६ ची २७७ होते. Q तेवढ्याच पटीने वाढून ३.८ होतो. गाण्यात एखादाच सूर घंटेसारखा वाजत राहतो.

स्लाइडर उलटा चालत असेल तर त्याची दोन टोके अदलाबदल झाली आहेत. वर म्हणजे ऋण इनपुट, हे पाचही स्लाइडरवर एकदा ताडून पाहा.

मोठा आवाज फाटत असेल तर हिशेब बघा. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर आउटपुट साधारण साडेसात व्होल्ट शिखरापर्यंत जाते. ४.३ पट वाढ पूर्ण वापरली तर इनपुटला पावणेदोन व्होल्ट शिखराच्या आतच राहावे लागते. बॅटऱ्या उतरल्या की ही मर्यादा आणखी खाली येते.

मेन्सवर नेताना

१२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, प्रत्येक बाजूला १००० मायक्रोफॅरड, आणि ७८१२ व ७९१२ हे रेग्युलेटर पुरेसे आहेत. दोन चिप मिळून जेमतेम दहा-बारा मिलिअँपिअर घेतात. प्रायमरीला फ्यूज हवाच, आणि मेन्सच्या तारा नळीने झाकलेल्या हव्यात. ७९१२ चे पाय ७८१२ सारखे नसतात. छापील बाजू समोर धरली तर ७८१२ मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा क्रम येतो आणि ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१२ च्या पाठीचा पत्रा ग्राउंडला नव्हे तर इनपुटला जोडलेला असतो. दोन्ही रेग्युलेटर एकाच उघड्या हीटसिंकला थेट कसले की पुरवठा शॉर्ट होतो.

आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि पहिला पट्टा ५९ ला. तो पूर्ण वर असेल तर ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट चौपट होतो आणि १०० हर्ट्‌झचा रिपलही अडीच पटीहून जास्त वाढतो. बॅटरीवर शांत असलेले सर्किट मेन्सवर घुमू लागले आणि ६० चा स्लाइडर खाली नेल्यावर शांत झाले, तर दोष इक्वलायझरचा नाही, ग्राउंडच्या वाटेचा आहे. फिल्टर कपॅसिटरचे ग्राउंड, सिग्नलचे ग्राउंड आणि डबीचा पत्रा वेगवेगळ्या तारांनी एकाच बिंदूवर आणा. ट्रान्सफॉर्मर इनपुट बफरपासून शक्य तितका दूर ठेवा आणि जागेवरच फिरवून पाहा. कधी कधी नुसता काटकोनात वळवला तरी गुणगुणाट निम्म्यावर येतो.

स्टिरिओसाठी हेच सर्किट दुसऱ्यांदा बांधायचे आणि दुहेरी स्लाइडर वापरायचे. तक्त्यातल्या मूल्यांपेक्षा डाव्या-उजव्यातला सारखेपणा इथे जास्त मोलाचा आहे. कपॅसिटर मोजणारा मीटर असेल तर प्रत्येक मूल्याचे चार-पाच नग घेऊन त्यातून जवळच्या मापाची जोडी दोन चॅनलना वाटा. एका चॅनलचा ३.६ किलोचा पट्टा दुसऱ्यापेक्षा दहा टक्के सरकला, तर स्लाइडर वर नेताच गायकाचा आवाज मधून हलून एका बाजूला झुकतो.